वरच्या दोन खोल्यांची जाहिरात: पीजी सुरू करताना सगळं खरं कसं लिहिलं

आमचं घर पुण्यात कर्वेनगरला. खाली आम्ही दोघं आणि सासूबाई, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, मध्ये पॅसेज आणि एक बाथरूम. मुलं नोकरीला बाहेर गेल्यापासून वरचा मजला बंदच होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये आम्ही ठरवलं की तिथे कॉलेजच्या मुली ठेवायच्या. कमिन्स कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे मुली मिळतील याची खात्री होती. खोल्यांची रंगरंगोटी, पलंग, गाद्या, कपाटं यांत मे महिना गेला. त्या सगळ्यापेक्षा जास्त डोकं खाल्लं ते जाहिरातीच्या मजकुराने, म्हणून हा लेख त्याच्यावरच आहे.

आधी मी इतरांच्या जाहिराती वाचल्या. ‘कॉलेजपासून पाच मिनिटं’, ‘घरगुती जेवण’, ‘माफक भाडं’, ‘कडक शिस्त नाही’. अशी जाहिरात वाचून मुलीला आणि तिच्या आईवडिलांना काहीच कळत नाही. माझी भाची चार वर्षं पुण्यात पीजीला राहिली आहे. तिला बोलावलं आणि विचारलं, तू घर शोधत होतीस तेव्हा तुला काय कळायला हवं होतं? ती म्हणाली, “मामी, नियम सगळीकडेच असतात गं. पण नियम मोडला तर काय होणार, हे कुणी सांगतच नाही. ते राहायला गेल्यावर कळतं.” तिचं हे म्हणणं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आणि पुढे प्रत्येक ओळ त्याच्याशी ताडून पाहिली.

सुरुवात केली अंतरापासून, कारण ते सगळ्यात सोपं वाटलं. नकाशात टाकलं तर चालत सोळा मिनिटं दाखवत होता. पण नकाशा मोजतो ते कॉलेजच्या नावाच्या खुणेपर्यंत. कॉलेज महर्षी कर्वे संस्थेच्या आवारात आहे आणि ते आवार मोठं आहे. मुलगी चालते ती आमच्या फाटकापासून आवाराच्या फाटकापर्यंत आणि तिथून पुढे आपल्या वर्गापर्यंत. म्हणून पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन सकाळी कॉलेजच्या वेळेला चालत गेले. अंतर १.४ किलोमीटर भरलं आणि आवाराच्या फाटकापर्यंत एकोणीस मिनिटं लागली, त्यातली दोन-तीन नुसती रस्ता ओलांडायला. मग रात्री नऊ वाजता तोच रस्ता उलट चालले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकानं बंद झाल्यावर थोडा टप्पा अंधाराचा आहे, रस्त्यावरचा दिवा झाडाच्या आड येतो. हे लिहावं की नाही, यावर घरात चर्चा झाली. मी लिहिलं. मुलगी पहिल्याच आठवड्यात त्या रस्त्याने येणार आहे, तेव्हा ते तिच्यापासून लपणार थोडंच! शिवाय तसं लिहिलं म्हणून पर्यायही लिहिता आला: दोन मिनिटं जास्त लागतात, पण मुख्य रस्त्याने वळून आलं की उजेड आणि वर्दळ दोन्ही असते.

एका एजंटाला जाहिरात दाखवली तेव्हा तो म्हणाला, “ताई, एकोणीस मिनिटं कशाला लिहिता? दहा लिहा, सगळे तेच लिहितात.” मी नाही ऐकलं. जिला एकोणीस मिनिटं जास्त वाटतात, ती दहा वाचून येईल, दोन महिने चालेल आणि दिवाळीला सोडून जाईल. सत्राच्या मध्यात रिकामा झालेला पलंग पुढच्या प्रवेशांपर्यंत सहसा रिकामाच राहतो. म्हणजे खोटं लिहिण्यात माझंही नुकसानच होतं.

जेवणाचं प्रकरण मात्र लांबलं. ‘घरगुती जेवण’ म्हणजे नेमकं काय, हे लिहायचं तर आधी घरात ठरायला हवं होतं. सकाळी साडेसातला नाश्ता, आठला डबा (पोळ्या, एक भाजी, एक कोशिंबीर किंवा उसळ), रात्री आठ ते नऊ वरण-भात, पोळी, भाजी. पोळ्या मोजून नाहीत. रविवारी दुपारी काहीतरी गोडाचं आणि रविवारी रात्री स्वयंपाकघर बंद. पुण्यातल्या मेसची ही जुनीच पद्धत आहे आणि स्वयंपाकाच्या ताईंना एक संध्याकाळ हवीच. पण बाहेरगावच्या मुलीला ती ठाऊक असेलच असं नाही, म्हणून ‘आठवड्याला तेरा जेवणं’ असा आकडाच लिहिला.

मग खर्च मांडला. चार मुली धरून, एका मुलीमागे महिन्याला किराणा, भाजी आणि दूध २,४०० रुपये. स्वयंपाकाच्या ताईंना वाढवून द्यायचे ४,००० रुपये, म्हणजे मुलीमागे १,०००. महिन्याला साधारण एक जादा सिलिंडर, त्याचे मुलीमागे दोनशे. भांड्यांच्या मावशींचे वाढीव दोनशे. बेरीज ३,८००. जेवणावर कमवायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, त्यामुळे जेवणाचा दर तोच.

ही बेरीज केली म्हणून खाड्याचा प्रश्न सुटला. ज्या भांडणांपायी मुली पीजी सोडतात त्यातली निम्मी खाड्यावरून होतात, असं भाचीने सांगितलं होतं. मुलगी आठ दिवस घरी जाते आणि तिला वाटतं तेवढ्या दिवसांचे जेवणाचे पैसे वळते व्हावेत. ३,८०० ला तीसने भागलं तर दिवसाचे सुमारे १२७ रुपये होतात. पण ती नसताना माझा वाचतो तो फक्त किराणा, भाजी, दूध. ताईंचा आणि मावशींचा पगार तेवढाच राहतो. २,४०० ला तीसने भागलं की ८० रुपये. म्हणून सलग चार दिवसांपासून पुढे, आदल्या रात्री आठच्या आत सांगितलं तर, दिवसाला ८० रुपये वजा, असं लिहिलं आणि ऐंशीच का तेही एका ओळीत लिहिलं. एखाद-दुसऱ्या दिवसाचा खाडा धरत नाही, कारण भाजी आधीच आणलेली असते. पीजी चालवायच्या विचारात असाल तर ही बेरीज पहिल्यांदा करा. दर मनाने ठरवला तर खाड्याच्या वेळी तुम्हालाच उत्तर देता येत नाही.

मांसाहाराची ओळ सगळ्यात अवघड गेली. आमच्या स्वयंपाकघरात शिजत नाही आणि सासूबाईंना ते चालणार नाही हे मला माहीत होतं. पण ‘फक्त शाकाहारी मुलींसाठी’ अशी ओळ मला लिहायची नव्हती. पुण्यात त्या ओळीच्या आडून पुष्कळ ठिकाणी जात आणि धर्म विचारला जातो, आणि वाचणाऱ्या मुलीला ते बरोबर कळतं. सासूबाईंशी बोलले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “वर काय खातात ते मी बघायला जाणार नाही. पण माझ्या ओट्यावर नको.” झालं. ओळ अशी तयार झाली: स्वयंपाकघरात मांसाहार आणि अंडी शिजत नाहीत, बाहेरून आणून वर खायला हरकत नाही, कचरा त्याच दिवशी बांधून खाली आणायचा. आणि पुढे: जात-धर्म विचारत नाही.

भाडं ठरवताना दोन्ही खोल्यांना एकच दर लावावा असं यजमानांचं म्हणणं होतं, हिशेब सोपा राहतो म्हणून. पण मागची खोली लहान आहे, तिला एकच खिडकी आहे आणि ती शेजारच्या भिंतीसमोर उघडते. म्हणून पुढच्या खोलीचं भाडं प्रत्येकी ६,००० आणि मागच्या खोलीचं ५,२०० ठेवलं. खिडकीबद्दलही लिहिलं आणि फोटो दुपारी पडदा बाजूला करून काढले. घरातला दिवा लावून काढलेला फोटो छान येतो, पण त्यात खोली अंधारी आहे की नाही ते कळत नाही.

विजेचे पैसे भाड्यात धरायचे नाहीत, हे पहिल्यापासून पक्कं होतं. दोन्ही खोल्यांना वायरमनकडून वेगळे सब-मीटर बसवून घेतले. प्रश्न होता युनिटला किती लावायचे. महावितरणचा दर टप्प्यांनी वाढतो: पहिली शंभर युनिटं स्वस्त, तीनशेपर्यंत त्याहून महाग, पुढची आणखी महाग. मुलींची युनिटं वरच्या टप्प्यात धरायची की खालच्या, यावर वाद घालण्यापेक्षा सरळ सरासरी धरली. घराचं बिल ३५० युनिटांना ४,२०० रुपये आलं तर युनिटला १२ रुपये. खोलीच्या मीटरवर ४० युनिटं दिसली तर खोलीचे ४८०, एका मुलीचे २४०. दर महिन्याला बिलाची प्रत पॅसेजमध्ये लावायची, म्हणजे कुणाला विचारायलाच नको.

पाण्याबद्दलही स्पष्ट लिहावं लागलं. गच्चीवर सोलर आहे आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात सकाळी भरपूर गरम पाणी मिळतं. पावसाळ्यात मात्र ढगाळ दिवस लागोपाठ आले की ते कोमटही येत नाही. म्हणून बाथरूममध्ये पंधरा लिटरचा गीझर बसवला आणि लिहिलं की तो सकाळी सहा ते साडेआठ चालू असतो आणि एका आंघोळीनंतर पुन्हा तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. चार मुली आणि एक बाथरूम म्हटल्यावर ही ओळ भाड्याइतकीच महत्त्वाची आहे. महापालिकेचं पाणी दुरुस्तीसाठी अधूनमधून गुरुवारी बंद असतं, त्याबद्दलही एक वाक्य टाकलं.

नियम लिहिताना भाचीचं म्हणणं सतत डोळ्यासमोर होतं. ‘रात्री साडेनऊच्या आत’ एवढं लिहून भागत नाही. साडेनऊ का? तर सासूबाई लवकर झोपतात आणि जिना आमच्या हॉलमधून आहे. उशीर झाला तर? साडेदहापर्यंत फोन करून सांगितलं की दार उघडतो. कॉलेजचं गॅदरिंग, सबमिशन, गणपती अशा दिवशी आधी सांगितलं तर त्याहून उशिराही उघडतो. न सांगता उशीर झाला तरी दार उघडतोच. मुलीला बाहेर उभं ठेवत नाही. वारंवार झालं तर बोलतो. आणि घरी फोन करतो का? हा मुलींच्या मनातला खरा प्रश्न. उशीर झाला म्हणून करत नाही. ती रात्री आलीच नाही आणि तिचा फोनही लागत नसेल तर करतो. ही ओळ मी बऱ्याच वेळा खोडून लिहिली, कारण ती मुलीही वाचणार होत्या आणि आईवडीलही, आणि दोघांनाही तीच एक गोष्ट सांगायची होती.

शेवटी जो मजकूर झाला तो असा:

“कर्वेनगर, स्वतंत्र घराचा पहिला मजला. फक्त विद्यार्थिनींसाठी, दोन खोल्या, प्रत्येकी दोघी. खाली घरमालकांचं कुटुंब राहतं, जिना घरातूनच आहे. चौघींत एक बाथरूम. गरम पाणी सोलरचं, पावसाळ्यात ते पुरत नाही. गीझर १५ लिटरचा, सकाळी ६ ते ८.३०, एका आंघोळीनंतर पुन्हा तापायला १५-२० मिनिटं. महापालिकेचं पाणी अधूनमधून गुरुवारी बंद असतं.

कमिन्स कॉलेजच्या आवाराचं फाटक १.४ कि.मी., बॅग घेऊन चालत १९ मिनिटं. गल्लीच्या तोंडाशी रात्री थोडा अंधार असतो. मुख्य रस्त्याने आल्यास २ मिनिटं जास्त. नळ स्टॉप मेट्रो स्टेशनला रिक्षाने साधारण ५० रुपये.

भाडं: पुढची खोली ६,०००, मागची खोली ५,२०० (लहान, एक खिडकी, उजेड कमी). जेवण ३,८००, सक्तीचं. वीज सब-मीटरप्रमाणे, घराच्या बिलाच्या सरासरी दराने. वाय-फाय भाड्यात. डिपॉझिट एक महिन्याचं भाडं. सोडताना वीज आणि मोडतोड वजा करून त्याच दिवशी परत, रंगाचे पैसे कापत नाही. सोडायचं असल्यास एक महिना आधी सांगणे.

आठवड्याला १३ जेवणं, रोज नाश्ता. रविवारी रात्री जेवण नाही. सलग ४ दिवसांपासून पुढे, आदल्या रात्री ८ च्या आत सांगितल्यास खाडा धरला जातो, दिवसाला ८० रुपये (वाचतो तो फक्त किराणा). स्वयंपाकघरात मांसाहार आणि अंडी नाहीत, बाहेरून आणून वर खाता येईल, कचरा त्याच दिवशी बांधून खाली आणायचा. जात-धर्म विचारत नाही.

रात्री ९.३०. उशीर होणार असेल तर फोन करणे, दार उघडलं जाईल. उशीर झाला म्हणून घरी फोन करत नाही. मुलगी रात्री आलीच नाही आणि तिचा फोनही लागत नसेल तर करतो. आई किंवा बहीण एक रात्र राहू शकते, जेवणाचे वेगळे पैसे नाहीत. मित्र आणि वडील-भाऊ खाली हॉलमध्ये. खोलीत इंडक्शन आणि पाणी तापवायचा रॉड चालणार नाही, चहाची किटली चालेल. कॅमेरा फक्त फाटकावर.”

जेवण सक्तीचं का, असं पुढे बऱ्याच जणींनी विचारलं. चारपैकी दोघींनीच जेवण घेतलं तर ताईंच्या पगाराचा वाटा मुलीमागे दोन हजार होतो. हे सांगितलं की पटतं, निदान राग राहत नाही.

जाहिरात टाकायच्या संकेतस्थळावर वेगळीच अडचण आली. तिथे भाड्याचा एकच रकाना, अंतराचा रकानाच नाही, आणि ‘शाकाहारी: हो/नाही’ अशी खूण. मजकुराला अक्षरांची मर्यादा. मग तिथे ‘भाडं ९,००० पासून, जेवणासह, वीज वेगळी’ एवढंच टाकलं आणि पूर्ण मजकूर फोटोसारखा जोडला. भाड्याच्या रकान्यात नुसते ५,२०० टाकले असते तर फोन दुप्पट आले असते, पण प्रत्येकीला जेवणाचं फोनवर सांगावं लागलं असतं आणि तिला ते फसवल्यासारखं वाटलं असतं. जाहिरातीसाठी वेगळं सिम घ्या, हे मात्र आवर्जून सांगते. पहिले दोन दिवस एजंटांचेच फोन येत होते.

जून कोरडा गेला. आम्ही जरा धास्तावलो होतो, भाडं जास्त झालं का असं रोज वाटायचं. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना आपलं कॉलेज कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, यादीशिवाय कळतच नाही. जुलैच्या शेवटापासून आणि ऑगस्टमध्ये याद्या लागल्या तसे फोन सुरू झाले. प्रवेश पक्का करायला मोजकेच दिवस मिळतात, त्याच फेरीत आईवडील घरही बघून जातात. त्या दिवसांत कुणीतरी घरी असायला हवं आणि खोलीची चादर घातलेली हवी.

फोनवर बोलणं थोडक्यात व्हायचं, कारण विचारायचं फारसं उरलेलं नसायचं. लातूरच्या एका वडिलांनी जाहिरात छापूनच आणली होती. त्यांनी अंतराच्या ओळीखाली पेनाने रेघ मारली होती. मुलीला घेऊन ते आधी कॉलेजपासून चालत आले आणि म्हणाले, “ताई, आम्हाला बावीस मिनिटं लागली.” त्यांची मुलगी मागच्या खोलीत राहते, सायकल घेऊन आली. एका मुलीने मागच्या खोलीचा फोटो पाहून येण्याआधीच नाही म्हटलं. दुसरी एक आईबरोबर आली, सगळं आवडलं, पण रविवारी रात्रीचं जेवण आणि एक बाथरूम या दोन गोष्टी तिला जमणार नव्हत्या. तिने तसं सांगितलं आणि गेली. कुणाशी वाद झाला नाही. गणपतीपर्यंत तीन पलंग भरले, चौथा दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने सप्टेंबरमध्ये घेतला.

करारासाठी एका वकिलांकडे गेलो होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये पेइंग गेस्टची व्याख्या आहे: घरमालक स्वतः जिथे राहतो त्याच जागेचा भाग ज्याला राहायला दिला, तो. बंद फ्लॅट मुलींना देऊन आपण दुसरीकडे राहत असाल तर त्याला पीजी म्हणून भागत नाही, हे लक्षात ठेवा. आम्ही अकरा महिन्यांचे करार ऑनलाइन नोंदवून घेतले. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, मुद्रांक शुल्क एवढ्याशा भाड्याला दोनशेच्या घरात, आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्या माणसाचे वेगळे. चौघींपैकी एकीला अठरा पूर्ण नव्हती, तिचा करार वडिलांच्या नावाने झाला. आधार आणि अंगठ्यासाठी त्यांना त्या दिवशी हजर राहावं लागलं, म्हणून ही तारीख आधीच विचारून घ्या. पोलिसांकडची भाडेकरूंची माहिती पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर भरली: फोटो, आधार, मूळ पत्ता, ओळखीच्या दोन व्यक्ती. पावती करारासोबत ठेवली.

जाहिरातीचा मजकूर जसाच्या तसा करारासोबत जोडला आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. ऑक्टोबरमध्ये एक मुलगी दिवाळीसाठी बारा दिवस घरी गेली, आणि ९६० रुपये वजा करून तिनेच मला महिन्याचा हिशेब लिहून दिला. मजकुरात आता एकच बदल करायचा आहे. गीझरची वेळ साडेआठऐवजी नऊपर्यंत करतो आहोत, कारण परीक्षेच्या दिवसांत चौथीला गरम पाणी पुरत नव्हतं.